रुमाल, गूळ आणि फौंड्रीतली धूळ

शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागलच्या औद्योगिक वसाहतींतील फौंड्र्यांमध्ये नवा कामगार भरती होतो, त्याचा पहिला दिवस कसा जातो हे बहुतेक वाचकांना घरच्या किंवा शेजारच्या कुणाकडून ऐकून ठाऊक असेल. आधार कार्डाची झेरॉक्स द्यायची, फोटो द्यायचा, दोन-तीन कागदांवर सह्या करायच्या. मोठा कारखाना असेल तर खोलीत बसवून अर्धा तास सुरक्षिततेची चित्रफीत दाखवतात, हेल्मेट आणि बूट देतात. छोटा असेल तर ठेकेदाराचा माणूस त्याला थेट शॉपमध्ये नेऊन उभा करतो आणि "याच्याकडे बघून शीक" म्हणून निघून जातो. दुसऱ्या दिवशी तो पोरगा घरून रुमाल घेऊन येतो आणि इतरांसारखा नाकातोंडावर बांधून कामाला लागतो. त्याच्या मते सुरक्षिततेचे शिक्षण इथे पूर्ण झालेले असते.

हेल्मेट आणि बूट आवश्यक आहेत, याबद्दल वाद नाही. पण फौंड्रीत जी गोष्ट माणसाला हळूहळू आणि कायमची निकामी करते, तिचा हेल्मेटशी किंवा बुटाशी काही संबंध नाही. ती गोष्ट म्हणजे धूळ. त्या धुळीपासून वाचण्यासाठी नव्या माणसाला पहिल्याच दिवशी दोन गोष्टी नीट यायला हव्यात असे माझे मत आहे. एक, मास्क चेहऱ्याला घट्ट बसवणे. दुसरी, आणि माझ्या दृष्टीने अधिक महत्त्वाची, धूळ ओढणारे यंत्र बिघडले की ते ओळखून कुणाला तरी सांगणे. पहिली गोष्ट अर्धवट शिकवली जाते. दुसरी जवळजवळ शिकवलीच जात नाही.

आधी धुळीची ओळख करून घेऊ. ओतकामाचा साचा ज्या वाळूचा करतात ती सिलिकायुक्त वाळू असते. तिच्यात बेंटोनाइट माती, कोळशाची भुकटी आणि पाणी मिसळलेले असते. ओलसर असताना ही वाळू फारशी उडत नाही. पण तिच्यावर साधारण चौदाशे अंश सेल्सिअसचा लोखंडाचा रस पडला की ती भाजून कोरडी होते आणि तिचे कण तडकून बारीक होतात. मग साचा फोडून कास्टिंग बाहेर काढताना ही कोरडी वाळू उधळते. पुढे फेटलिंगमध्ये, म्हणजे कास्टिंगला चिकटलेली वाळू आणि कडांचे जादा लोखंड ग्राइंडरने काढताना, राहिलेली वाळू पुन्हा भरडली जाते. साचा फोडणारे आणि फेटलिंगवाले यांना धूळ सर्वांत जास्त मिळते ती यामुळे. तिसरा मान झाडलोट करणाऱ्याचा. पाळी संपताना हवेच्या नळीने "हवा मारून" जमीन, मशीन आणि स्वतःचे कपडे साफ करण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे. तीत खाली बसलेली सगळी धूळ पुन्हा नाकाच्या उंचीवर आणली जाते.

यातली जी धूळ डोळ्यांना दिसते, नाकात जाते, कपाळावर बसते, ती त्रासदायक असली तरी मुख्य शत्रू नव्हे. नाकातले केस आणि घशातला ओलावा तिला अडवतात, शिंकेतून आणि थुंकीतून ती बाहेर पडते. फुफ्फुसाच्या शेवटच्या फुग्यांपर्यंत पोचणारे कण साधारण पाच मायक्रॉनहून लहान असतात. आपला डोक्याचा केस सुमारे सत्तर मायक्रॉन जाड असतो, त्यावरून अंदाज यावा. साध्या उजेडात हे कण दिसत नाहीत. हवा स्वच्छ वाटते आणि माणूस रुमाल खाली ओढून मोकळा श्वास घेतो.

मात्र ते दाखवता येतात. कौलारू घरात छपरातून कवडसा पडतो तेव्हा त्यात धुळीचे कण नाचताना आपण सर्वांनी पाहिले आहेत. कण सगळ्या खोलीत असतात, दिसतात तेवढे कवडशात. रात्रपाळीत हाच प्रयोग फेटलिंगच्या टेबलापाशी करावा. आसपासचे दिवे घालवून समोरच्या बाजूने जोरदार बॅटरीचा झोत कामाच्या जागेवरून आरपार सोडायचा, बॅटरीचे तोंड थेट डोळ्यांत येणार नाही असे पुठ्ठ्याने आडोसे करायचे आणि झोताच्या दिशेने पाहायचे. ज्या हवेत आपण उभे होतो ती हवा धुरासारखी पांढरी दिसते. तपासनीस मंडळी धुळीचा माग काढायला हीच युक्ती वापरतात. नव्या कामगाराला अर्ध्या तासाची चित्रफीत दाखवण्यापेक्षा हा पाच मिनिटांचा झोत दाखवला तर मास्क का घालायचा हे वेगळे सांगावे लागणार नाही.

शरीरात काय घडते तेही थोडक्यात पाहू. फुफ्फुसात आलेला परका कण गिळून टाकणाऱ्या पहारेकरी पेशी असतात. सिलिकाचा कण त्या गिळतात, पण तो पचत नाही. पेशी मरते, कण सुटतो, दुसरी पेशी त्याला गिळते, तीही मरते. या झटापटीच्या जागी हळूहळू व्रणासारखी कडक गाठ तयार होते. अशा शेकडो गाठी झाल्या की फुफ्फुसाचा लवचीकपणा जातो. हाच सिलिकोसिस. तो बहुधा दहा-पंधरा वर्षांनी जाणवू लागतो. धूळ फारच जास्त असेल तर त्याच्या कितीतरी आधीही होतो. तो बरा करणारे औषध नाही. काम सोडल्यावरही तो वाढत राहू शकतो. अशा फुफ्फुसात क्षयाचे जंतू लवकर घर करतात, आणि सिलिकाच्या धुळीमुळे फुफ्फुसाचा कर्करोग होऊ शकतो हेही आता सिद्ध झालेले आहे.

किती धूळ म्हणजे जास्त? अमेरिकेने २०१६ साली ठरवलेली मर्यादा अशी की, आठ तासांच्या पाळीत सरासरी एक घनमीटर हवेत सिलिकाचे असे सूक्ष्म कण ५० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त नसावेत. अंगमेहनतीचे काम करणारा माणूस एका पाळीत सुमारे दहा घनमीटर हवा आत घेतो. म्हणजे दिवसभरात अर्धा मिलिग्रॅम. साखरेचा एक बारीकसा दाणा डोळ्यांपुढे आणा. तेवढी धूळ दिवसभरात विभागून श्वासात गेली तरी आपण मर्यादेच्या काठावर आलेलो असतो.

इथे गुळाचा विषय काढलाच पाहिजे, कारण आपला जिल्हा गुळाचा. "डॉक्टर, आम्ही पाळी संपली की गुळाचा खडा खातो, धूळ उतरते," असे अनेक जण विश्वासाने सांगतात. काही कारखान्यांत गूळ वाटतातही. गूळ जरूर खावा, घशात चिकटलेली धूळ त्याने गिळली जात असेल. पण गुळाचा रस्ता अन्ननलिकेतून पोटात जातो आणि हे कण असतात श्वासनलिकेच्या पार टोकाला. गूळ मिळतो म्हणून मास्क नको, असे कुणी म्हणत असेल तर तो गूळ फार महाग पडला म्हणायचा.

रुमालाचेही तसेच. कापडाच्या विणीतील भोके या कणांच्या मानाने दरवाजाएवढी असतात आणि रुमालाच्या कडांनी तर हवा बेधडक आत येते. कोरोनाच्या काळात वापरलेला निळा सैल मास्कही या कामाचा नाही. पाहिजे तो चेहऱ्याला चिकटून बसणारा, कणांसाठी बनवलेला मास्क. आपल्याकडे त्यावर भारतीय मानक आयएस ९४७३ आणि एफएफपी-२ असे छापलेले असते. बाजारात ज्याला एन-९५ म्हणतात तो साधारण याच ताकदीचा. धूळ फार असेल तिथे याहून वरचा लागतो.

हा मास्क हातात दिला म्हणजे काम संपले असे मालकांना वाटते. खरे काम तिथून सुरू होते. दोन पट्ट्यांपैकी वरची डोक्याच्या मागे उंचावर आणि खालची कानांखाली मानेवर यायला हवी. बरेच जण खालची पट्टी गैरसोयीची म्हणून कापूनच टाकतात. नाकावरची धातूची पट्टी दोन्ही हातांच्या बोटांनी दाबून नाकाच्या आकाराला बसवायची. मग दोन्ही तळवे मास्कवर ठेवून जोरात श्वास सोडायचा आणि घ्यायचा. डोळ्यांखाली किंवा गालापाशी वाऱ्याची झुळूक लागली तर मास्क बसलेला नाही, पुन्हा बसवायचा. दाढी असेल तर तो बसतच नाही. एक-दोन दिवसांचे खुंटसुद्धा मास्क आणि कातडी यांच्यामध्ये फट ठेवतात. श्रद्धेने दाढी राखणाऱ्या कामगाराला त्यावरून टोकू नये, त्याला डोक्यावरून पूर्ण येणारे, आत स्वच्छ हवा सोडणारे शिरस्त्राण मिळते, ते द्यावे किंवा कमी धुळीचे काम द्यावे. कागदी मास्क धुवायचा नसतो आणि हवेच्या नळीने झाडायचाही नसतो. श्वास घ्यायला जड वाटू लागला, ओला झाला किंवा फाटला की टाकून द्यायचा.

"थोडा वेळ काढला तर काय बिघडते?" हा नेहमीचा प्रश्न. त्याचा हिशेब करून पाहू. नीट बसलेल्या अशा मास्कमुळे आत येणारी धूळ बाहेरच्या धुळीच्या एक दशांश होते असे धरतात. समजा उघड्या नाकाने तासाला १०० कण आत जातात. मास्क पूर्ण आठ तास घातला तर ताशी १० प्रमाणे ८० कण गेले. आता तोच माणूस एकूण फक्त एक तास मास्क गळ्यात अडकवून वावरला, बोलायला, तंबाखू मळायला, घाम पुसायला. सात तासांचे ७० आणि एका तासाचे १००, झाले १७०. एका तासाच्या सुटीने धूळ दुपटीहून जास्त झाली. दोन तास काढला तर २६०. म्हणून विश्रांती घ्यायची तर धुळीच्या जागेपासून दूर जाऊन मास्क काढावा, आणि मालकाने तशी जागा आणि तेवढा वेळ द्यावा. मे महिन्यात भट्टीजवळ आठ तास मास्क घालून काम करा असे वातानुकूलित खोलीतून सांगणे सोपे असते.

याच हिशेबातून मास्कची मर्यादाही कळते. बाहेरची धूळ दहापट वाढली तर उत्तम बसलेला मास्कही हरला. तेव्हा मूळ उपाय धूळ निघते तिथेच तिला पकडण्याचा. वाळू ओलसर ठेवायची, झाडू मारण्याआधी पाणी शिंपडायचे, आणि फेटलिंगच्या टेबलामागे धूळ ओढून घेणारे हूड चालू ठेवायचे. आणि हूड चालू आहे की नाही हे सर्वांत आधी त्या टेबलावरच्या माणसाला कळते.

एक उदाहरण घेऊ. रात्रपाळी आहे. नव्या पोराच्या टेबलामागचा पंखा आवाज करतो आहे, म्हणजे सगळे ठीक असे सर्वांना वाटते. पण काल ग्राइंडरमधून उडणारी धूळ हुडाकडे झुकत होती, आज ती तोंडाकडे येते आहे. त्याने वर्तमानपत्राची बोटभर रुंद पट्टी फाडून हुडाच्या तोंडाशी धरली. ती आत ओढली जायला हवी, पण नुसती लोंबते आहे. कारण काय असेल ते शोधणे त्याचे काम नव्हे, पण कारणे बहुधा नेहमीचीच असतात. धूळ गाळणाऱ्या पिशव्या तुंबलेल्या असतात, नळीला जोडापाशी भोक पडलेले असते, पट्टा सैल झालेला असतो. एक कारण मात्र भल्याभल्यांना चकवते. पंख्याची मोटर दुरुस्तीला जाऊन आली आणि जोडताना वायरींची अदलाबदल झाली तर पंखा उलटा फिरतो. आवाज तोच, थोडी हवाही ओढतो, पण पूर्वीच्या मानाने फारच कमी. आवाजावर विसंबलेल्या माणसाला हे महिनोन्‌महिने कळत नाही. कागदाची पट्टी लगेच सांगते.

आता तो पोरगा जाऊन मुकादमाला म्हणतो, "मामा, धूळ लई येतीया." मुकादम म्हणतो, "फौंड्रीत धूळ न्हाई तर काय अत्तर येणार हाय व्हय?" विषय संपला. यात मुकादमाचा दोष आहेच, पण पोराला सांगायचे कसे हे कुणी शिकवलेले नाही हेही खरे. तोच जर असे म्हणाला, "फेटलिंगचे तीन नंबरचे टेबल. मागचे हूड हवा ओढत नाही. कागदाची पट्टी धरून पाहिली, हलत नाही. आज पाळी सुरू झाल्यापासून असे आहे", तर त्या वाक्याला अत्तराचे उत्तर देता येत नाही. कुठे, काय, कशावरून, केव्हापासून, एवढ्या चार गोष्टी त्यात आहेत. हे वाक्य शॉपमध्ये टांगलेल्या वहीत लिहायचे, लिहिता येत नसेल तर दुसऱ्याकडून लिहून घ्यायचे, खाली तारीख आणि मुकादमाची सही. हूड सुरू होईपर्यंत त्या टेबलावरचे काम दुसऱ्या टेबलावर न्यायचे. आणि दुरुस्ती झाली की ज्याने सांगितले त्याला येऊन सांगायचे. ही शेवटची पायरी लहान वाटते, पण ती चुकली की तो माणूस पुन्हा कधी सांगत नाही.

कायदा या बाबतीत कामगाराच्या बाजूने आहे. डिसेंबर १९८४ मधील भोपाळच्या वायुगळतीनंतर, १९८७ साली कारखाने कायद्यात दुरुस्ती होऊन धोकादायक प्रक्रियांच्या कारखान्यांतील कामगारांना असा हक्क मिळाला की, जिवाला किंवा आरोग्याला तातडीचा धोका वाटल्यास ते व्यवस्थापनाला आणि त्याच वेळी सरकारी निरीक्षकालाही कळवू शकतात. फौंड्री त्या यादीत होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा आणि आरोग्य संहितेने घेतली आहे. तिच्यातही हा हक्क आहे. शिवाय असुरक्षित स्थिती दिसली की मालकाला कळवणे हे तिने कामगाराचे कर्तव्यच ठरवले आहे. म्हणजे सांगणारा पोरगा आगाऊपणा करत नसतो, कायद्याने नेमून दिलेले काम करत असतो. सुरक्षेच्या साधनांचे पैसे कामगाराकडून वसूल करायचे नाहीत, हेही कायद्यात आहे. मास्कचे पैसे पगारातून कापणाऱ्या ठेकेदारांना हे वाचून दाखवावे.

मग सांगत का नाहीत? कारण नवा माणूस बहुधा कंत्राटी असतो, उद्या येऊ नको म्हटले की संपले. काम नगावर असेल तर टेबल थांबले की त्याचीच मजुरी बुडते. आजकाल फौंड्रीत बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशातून आलेले तरुण पुष्कळ आहेत, आणि त्यांना मिळणाऱ्या सूचना मराठीत किंवा इंग्रजीत. त्यात काही कारखान्यांच्या दारावर "इतके दिवस अपघाताशिवाय" असा फलक असतो. हेतू चांगला, पण फलकावरचा आकडा मोडणारा माणूस सगळ्यांचा वैरी होतो आणि बारीकसारीक गोष्टी दाबल्या जातात. माझे मत विचाराल तर ज्या शॉपची तक्रारवही सहा महिने कोरी आहे, त्या शॉपला बक्षीस देण्याआधी तिथे बॅटरी घेऊन जावे.

माझी सूचना एवढीच आहे. पहिल्या दिवशी नव्या माणसाला शॉपमधून फिरवावे आणि त्याच्याच भाषेत सांगावे, तुला जे खटकेल ते संध्याकाळपर्यंत वहीत एक तरी लिही. जुन्यांच्या नजरेला जे सवयीचे झाले ते नव्याला दिसते. दुसऱ्या दिवशी त्या नोंदीचे उत्तर त्याला मिळावे, दुरुस्ती झाली किंवा ती का करायची नाही याचे कारण. एका कारखानदारांनी मला विचारले, "अशाने रोज फालतू तक्रारी येतील, काम कधी करायचे?" येतील, काही फालतू येतील. पिण्याच्या पाण्याची टाकी, संडासाची कडी, असेही लिहितील. त्या दहांत एक उलट्या फिरणाऱ्या पंख्याची असेल, आणि ती लिहिणारा कोण असेल हे आधी कळण्याचा मार्ग नाही.

शेवटी माझ्या व्यवसायबंधूंसाठी आणि घरच्या मंडळींसाठी थोडेसे. रामाझ्झिनी नावाच्या इटालियन वैद्याने १७०० साली कामगारांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला आणि वैद्यांनी रुग्णाला "तू काय काम करतोस?" हे विचारावे असा आग्रह धरला. आपल्या केसपेपरवर तो रकाना असतो आणि बहुधा त्यात "नोकरी" एवढेच लिहिलेले असते. "फौंड्री, फेटलिंग, नऊ वर्षे" असे लिहिले तर एक्स-रेवर दोन्ही बाजूंना वरच्या भागात बारीक ठिपके दिसताच केवळ क्षयाचाच विचार होणार नाही. थुंकी तपासायचीच, कारण दोन्ही रोग एकत्र असू शकतात. सिलिकोसिस आढळल्यास डॉक्टरने तो सरकारला कळवणे बंधनकारक आहे. आणि घरच्यांनी कामाला लागतानाचा पहिला एक्स-रे टाकून देऊ नये. दहा वर्षांनी नवा एक्स-रे काढला की तो शेजारी धरून पाहता येतो. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, न दुमडता, कपाटात कपड्यांच्या खाली सपाट ठेवावा.